दीपमाळेचा कळस वितळून गोळा होतो: मिनिमम लेअर टाइम लावूनही का, आणि त्यावर काय केलं

माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवण्याचं. फाउंड्रीला लागणारे लाकडी आणि आता थोडे प्रिंट केलेले पॅटर्न. त्यातूनच थ्रीडी प्रिंटर घरात आला आणि मग ओळखीतून अशी कामं यायला लागली ज्यांचा फाउंड्रीशी काही संबंध नाही. त्यातलंच एक म्हणजे दीपमाळ. अंबाबाईच्या देवळात महाद्वारातून आत गेलं की दिसते तशी दगडी दीपमाळ, टेबलावर ठेवण्याजोगी, १४० मिलिमीटर उंच, वर छोटा कळस. एका दुकानदाराला नमुना हवा होता आणि पसंत पडला तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी २४ नग.

खालचं सगळं सुरेख यायचं. दिवे ठेवायचे हातसुद्धा कडक, स्वच्छ. आणि १२६ मिलिमीटरच्या वर, जिथे कळस सुरू होतो तिथे, जणू मेणबत्ती पेटवून विझवली असावी असा आकार. मान बसलेली, कळसाचा फुगा एका बाजूला ओघळलेला, टोकाला चकचकीत गोळा. मे महिन्यात हा दोष मी घालवला. जुलैत तो परत आला. पुन्हा घालवला, तर कार्तिकात ऐन ऑर्डरच्या वेळी तिसऱ्यांदा आला. तिन्ही वेळा दिसायला गोळा सारखाच आणि कारण मात्र वेगळं, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय.

आधी हे नक्की करा की दोष उष्णतेचाच आहे. गोळा होण्याची इतरही कारणं असतात: फिलामेंट जास्त बाहेर पडणं, दमट झालेलं फिलामेंट, ढिला झेड अक्ष. वेगळं ओळखायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे तोच नग बेडवर दोनदा ठेवायचा, लांब-लांब, आणि दोन्ही एकत्र प्रिंट करायचे. सेटिंगला अजिबात हात लावायचा नाही. दोन्हीची टोकं एकट्या नगापेक्षा स्पष्ट सुधारली, तर दोष उष्णतेचा. काही फरक पडला नाही, तर हे पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, एक्स्ट्रूजनकडे बघा. पूर्ण १४० मिलिमीटर छापायचीही गरज नाही. स्लायसरमध्ये मॉडेल आडवं कापून वरचे ३० मिलिमीटर घेतले तरी चाचणी होते.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. टोक छापलं जात असताना जवळून बघा. नोझल फिरतं तसं टोकही त्याच्याबरोबर थोडं हलत असेल, जेलीसारखं, तर खालचे थर अजून घट्ट झालेलेच नाहीत. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांच्या वर मऊ राहतं. नोझलमधून ते २०५ अंशांना बाहेर येतं. मधला सगळा उतार त्याला पुढचा थर येण्याच्या आत पार करायचा असतो, आणि कळसापाशी पुढचा थर अर्ध्या सेकंदात डोक्यावर येऊन बसतो.

इथे माझी स्वतःचीच एक गंमत सांगतो. ओतकामात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: बारीक भाग आधी गार होतो आणि जाड भाग शेवटी. म्हणून तर जाड भागावर रायझर ठेवायचा, म्हणजे शेवटपर्यंत वितळलेला धातू पुरवणारा साठा. त्यामुळे बारीक टोक वितळतंय हे मला पहिले दोन दिवस पटतच नव्हतं, मी पंखाच तपासत बसलो. प्रिंटरमध्ये हिशेब उलटा आहे. ओतकामात धातू एकदाच येतो आणि मग गार होतो. इथे गरम माल दर थराला पुन्हा येतो, आणि भाग जितका बारीक तितक्या लवकर येतो. जाड बुंध्याला एका थराला चाळीस-पन्नास सेकंद लागतात, तेवढ्यात आधीचा थर निवांत गार होतो. टोकाला तो वेळच मिळत नाही. त्यात प्लास्टिक उष्णता खाली वाहून नेण्यात अगदी आळशी, म्हणजे टोकातली उष्णता बुंध्याकडे उतरेल ही आशाही नको. जे काही जायचं ते बाजूने, पंख्याच्या वाऱ्यावरच.

यासाठी स्लायसरमध्ये सोय असते. एका थराला ठरावीक वेळेपेक्षा कमी वेळ लागणार असेल, तर स्लायसर तो थर मुद्दाम हळू छापतो. मी प्रुसास्लायसर वापरतो. त्यात फिलामेंटच्या सेटिंगमध्ये `Cooling` पानावर `Slow down if layer print time is below` असं खातं आहे. क्युरामध्ये याचंच नाव `Minimum Layer Time`, ऑर्कामध्ये नुसतं `Layer time`. माझ्याकडे तिथे ५ सेकंद होते. मी १० केले, स्लाइस केलं, छापलं. गोळा तसाच. १५ केले. तरी तसाच, आणि वर दीपमाळेच्या मधल्या भागावर एक चकचकीत पट्टा उमटला, कारण तिथपासून प्रिंटर हळू चालायला लागला होता आणि हळू छापलेलं पीएलए जास्त चकाकतं. म्हणजे जिथे गरज नव्हती तिथे तो हळू झाला आणि जिथे गरज होती तिथे काहीच घडलं नाही.

का, ते कागदावर मांडल्यावर कळलं. कळसाची मान ३ मिलिमीटर व्यासाची. नोझल ०.४, थर ०.२. बाहेरची भिंत सुमारे ८ मिलिमीटर लांब, आतली भिंत सुमारे ६, आणि मधल्या उरलेल्या जागेत ४ मिलिमीटरची भर. सगळं मिळून एका थराला १८ मिलिमीटर रेघ ओढायची. सरासरी ४० मिलिमीटर प्रति सेकंद वेग धरला तर अर्ध्या सेकंदाच्या आत थर संपतो. त्याला १० सेकंद लावायचे असतील तर वेग १.८ मिलिमीटर प्रति सेकंद व्हायला हवा.

आणि इथे दुसरं एक खातं आडवं येतं: `Min print speed`. क्युरामध्ये `Minimum Speed`. माझ्याकडे ते १० मिलिमीटर प्रति सेकंद होतं. स्लायसर वेग कमी करत येतो, करत येतो, आणि १० वर आला की थांबतो. त्याच्या खाली तो जातच नाही, मग थराची वेळ भरो वा न भरो. १८ मिलिमीटर भागिले १०, म्हणजे १.८ सेकंद. मग वर १० लिहा, १५ लिहा, नाहीतर ६० लिहा, कळसाचा थर १.८ सेकंदातच संपणार. स्लायसर तुम्हाला तसं सांगतही नाही. कसला इशारा नाही, लाल अक्षर नाही. तुम्ही मागितलेली वेळ पाळली गेली असं समजून तुम्ही प्रिंट लावता.

हे बघायचं असेल तर प्रुसास्लायसरच्या प्रिव्ह्यूमध्ये रंग `Layer time` प्रमाणे लावा. बुंधा एका रंगाचा, वर येईल तसा रंग बदलत जातो, आणि कळसाचा रंग पट्टीच्या अगदी कमी वेळेच्या टोकाला जाऊन बसलेला दिसतो. क्युरावाल्यांनी जीकोड फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. प्रत्येक थराच्या शेवटी `;TIME_ELAPSED:` अशी ओळ असते. लागोपाठच्या दोन ओळींतला फरक म्हणजे त्या थराची वेळ. तो २ सेकंद दिसला आणि तुम्ही १० मागितले होते, तर किमान वेगाने तुम्हाला अडवलंय.

साहजिकच पुढचा विचार असा येतो की मग किमान वेग खाली आणू. मीही तेच केलं, १० चे २ केले. आता प्रिव्ह्यूमध्ये कळसाचा थर ९ सेकंदांचा दिसायला लागला. छापलं तर आधीपेक्षा वाईट. मान पूर्ण बसली आणि कळसाच्या जागी फक्त एक चमकदार थेंब.

कारण सोपं आहे, पण मला ते प्रिंटरसमोर वाकून बघेपर्यंत सुचलं नाही. ९ सेकंद थराला दिले खरे, पण ते नऊच्या नऊ सेकंद नोझल टोकावरच बसून होतं. नोझलचं सपाट तोंड साधारण मिलिमीटरभर रुंद, आणि टोक ३ मिलिमीटरचं. म्हणजे २०५ अंशांची इस्त्री टोकाच्या एक तृतीयांश रुंदीवर ठेवून तुम्ही ती सावकाश फिरवताय. वरून गरम ठोकळ्याची धग वेगळीच. शिवाय इतक्या कमी वेगात नोझलमधून माल जवळजवळ जातच नाही, त्यामुळे आतलं फिलामेंट दोन-तीन मिनिटं शिजत राहतं आणि बाहेर येतं तेव्हा आणखी पातळ असतं. टोकाला वेळ हवा तो नोझल दूर असतानाचा. नोझल डोक्यावर ठेवून दिलेल्या वेळेचा उपयोग नाही.

इतकं कळल्यावर उपाय आपोआप निघतो: नोझलला दुसरीकडे काम द्यायचं.

मी बेडवर चार दीपमाळा ठेवल्या, एकमेकींपासून सुमारे ८० मिलिमीटरवर. किमान वेग परत १० वर आणला, थराची वेळ १०. आता हिशेब बघा. प्रत्येक कळसाला १.८ सेकंद, असे चार म्हणजे ७.२. एका कळसावरून दुसऱ्यावर जायला सुमारे ०.७ सेकंद, असे चार फेरे म्हणजे २.८. एकूण बरोबर १० सेकंद. त्यातले प्रत्येक टोकाच्या वाट्याला येणारे आठ सेकंदांहून जास्त हे नोझल दुसरीकडे असतानाचे, नुसत्या वाऱ्याचे. पहिल्याच प्रिंटला चारही कळस उभे राहिले. मान गोल, फुगा गोल, टोक टोकासारखं. बायकोला नेऊन दाखवलं, ती म्हणाली, "हे आधी असंच नव्हतं का?" असो.

दोन नग ठेवूनही फरक पडतो, पण वेळ ५ सेकंदच होते. थंडीत तेवढं चालून गेलं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली खोलीच ३८ अंशांवर असते, म्हणजे पंखा फेकतो ती हवाच गरम. त्या दिवसांत दोन नगांचे कळस जरा बसलेले यायचे, चारांचे नाही. एक खबरदारी: स्लायसरमध्ये एकामागून एक नग पूर्ण करायचा पर्याय, `Complete individual objects`, चालू असेल तर चार नग ठेवून काहीच मिळणार नाही, कारण तेव्हा प्रत्येक कळस एकटाच छापला जातो.

एकच नग हवा असेल तर शेजारी एक फेकून द्यायचा खांब उभा करायचा. १५ बाय १५ मिलिमीटरचा चौकोनी, आतून पोकळ, दोन भिंतींचा, उंची मॉडेलइतकीच. त्याच्या एका थराला सुमारे ११५ मिलिमीटर रेघ लागते. कळसाची १८ त्यात मिळवली की स्लायसरला १० सेकंद भरायला वेग साधारण १५ मिलिमीटरपर्यंतच उतरवावा लागतो, म्हणजे किमान वेगाच्या मर्यादेला तो शिवतही नाही. असा १४० मिलिमीटरचा खांब आठेक ग्रॅम पीएलए खातो. ब्रिम मात्र द्या, इतका उंच आणि अरुंद खांब अर्ध्यावर सुटला तर तो मॉडेललाही घेऊन जाईल. आणि खांब मॉडेलपेक्षा ठेंगणा ठेवू नका. माझा एकदा ५ मिलिमीटरने कमी पडला होता आणि नेमके शेवटचे ५ मिलिमीटरच वितळले.

क्युरामध्ये `Lift Head` म्हणून एक पर्याय आहे. किमान वेगामुळे थराची वेळ भरत नसेल तर तो नोझल बाजूला नेऊन उरलेला वेळ थांबवतो. कल्पना बरोबर आहे, पण नोझल नुसतं थांबलं की त्यातून माल पाझरतो, आणि परत येताना तो थेंब टोकावरच पुसला जातो. जाड, साध्या आकाराला चालेल. कळसासारख्या बारीक कामाला मी ते वापरत नाही. खांबाचा फायदा हाच की पाझरलेला माल खांबावर पुसला जातो.

फुकट काहीच नसतं, चार नगांचाही त्रास आहे. प्रत्येक थरात चार वेळा रिट्रॅक्शन. माझा प्रिंटर लांब नळीवाला, त्यात रिट्रॅक्शन ५ मिलिमीटरचं. कळसाच्या एका थराला जेमतेम ०.६ मिलिमीटर फिलामेंट लागतं. म्हणजे फिलामेंटचा तोच तुकडा दातेरी चाकाखालून आठ-नऊ वेळा पुढे-मागे होतो. ठिसूळ फिलामेंट असेल तर चाक ते कोरून काढतं, चाकापाशी भुकटी साठते आणि वरचे थर अर्धपोटी येतात. अशी भुकटी दिसली तर रिट्रॅक्शन थोडं कमी करा आणि बारीक तारा आल्या तरी चालवून घ्या. तारा लायटरच्या धगीने जातात, अर्धवट थर कशानेच भरत नाहीत.

तापमानाचंही एक सांगतो. टोकाशी माल इतका कमी लागतो की २०५ अंशांची गरज नसते. प्रिव्ह्यूमधल्या उभ्या पट्टीवर १२६ मिलिमीटरला जाऊन तिथे कस्टम जीकोड टाकता येतो. मी एवढीच ओळ टाकतो:

```
M104 S190
```

`M104` थांबत नाही, छापत-छापतच तापमान खाली येतं. याने सुधारणा होते, पण एकट्या नगाला नुसत्या या ओळीने वाचवता येत नाही, मी करून पाहिलंय. पंखाही कळसाला पूर्ण हवा. तो एकाच बाजूने फुंकणारा असेल, तर टोक नेहमी त्याच्या उलट बाजूला ओघळतं. माझा फुगा कायम डावीकडेच का झुकतो याचं उत्तर तेच होतं.

आता जुलै. मे महिन्यातला नमुना पसंत पडला, पण दुकानदार म्हणाला, "रंग दगडासारखा पाहिजे." करडं पीएलए संपलं होतं. दुसऱ्या बनावटीचं काळसर आणलं, स्लायसरमध्ये त्याचं प्रोफाइल निवडलं, जुनीच फाइल, चार नग, सगळं जुनंच. आणि गोळे.

पावसाळा होता, म्हणून पहिला संशय ओलाव्यावर. फिलामेंट रात्रभर सुकवलं. तारा कमी झाल्या, गोळे राहिले. मग बसून चांगली जीकोड फाइल आणि वाईट जीकोड फाइल शेजारी-शेजारी उघडल्या. प्रुसास्लायसर फाइलच्या शेवटी सगळ्या सेटिंग लिहून ठेवतो, ही त्याची फार चांगली खोड आहे. वाईट फाइलमध्ये हे होतं:

```
; min_print_speed = 15
; slowdown_below_layer_time = 5
```

चांगल्या फाइलमध्ये १० आणि १०. मी तर दोन्ही बदलून जतन केले होते. हो, पण करड्या फिलामेंटच्या नावाने. या स्लायसरमध्ये गार करण्याची सगळी खाती फिलामेंटच्या प्रोफाइलमध्ये असतात, प्रिंटच्या प्रोफाइलमध्ये नाही. फिलामेंट बदललं की ती मुकाट्याने बदलतात. ऑर्कामध्येही तीच व्यवस्था. माणसाला वाटतं, थराची वेळ ही मॉडेलची गोष्ट आहे, रीळ बदलल्याने तिला काय होणार? स्लायसर बनवणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येक फिलामेंटला गार व्हायला वेगळा वेळ लागतो. पण फटका बसतो तो बसतोच. चारही नग ५ सेकंदात एक थर संपवत होते, म्हणजे मी चार ठेवून दोन ठेवल्याचा परिणाम मिळवत होतो.

ऑर्कावाल्यांनी तिथेच आणखी एक खूण तपासावी: `Don't slow down outer walls`. ती चालू असेल तर बाहेरची भिंत हळू होत नाही. बुंध्यावर चमकदार पट्टा येऊ नये म्हणून ती चांगली, पण कळसाच्या १८ मिलिमीटरपैकी ८ बाहेरच्या भिंतीचेच आहेत. जवळजवळ अर्धं काम हळू व्हायलाच नकार देतं.

तेव्हापासून नवं रीळ आलं की मी पहिल्यांदा त्याच्या प्रोफाइलची प्रत काढतो, त्यात दोन्ही आकडे भरतो, आणि नावाच्या शेवटी "कळस" लिहितो. यादीत "कळस" दिसलं की माझं मला कळतं.

मग कार्तिक. २४ नग, चार-चारचे सहा घाणे. चार घाणे झकास निघाले. पाचवा मी लावला आणि मुलीच्या शाळेत मीटिंग होती म्हणून गेलो. भाचा वर्कशॉपमध्ये होता. आलो तेव्हा घाणा संपलेला, आणि चारही कळस बसलेले. पूर्ण गोळा नाही, पण मान जाड झालेली, टोक बोथट.

स्लायसर तेच, रीळ तेच, फाइल तर कार्डावरची तीच जी आदल्या दिवशी चालली. फाइल पुन्हा पुन्हा तपासण्यात तासभर गेला. मग लक्षात आलं की घाणा अंदाजापेक्षा बराच लवकर संपलाय. मी भाच्याला विचारलं, "काही केलंस का रे याला?"

"मी काय केलं न्हाई मामा. जरा हळू चाललं हुतं वर, म्हणून फिरवलं थोडं."

"काय फिरवलंस?"

"ते बटन ओ. स्पीडचं."

प्रिंटरच्या मुख्य स्क्रीनवर असताना नॉब फिरवला की वेगाची टक्केवारी बदलते. त्याने ती १८० वर नेली होती. आणि स्लायसरने जो १० सेकंदांचा हिशेब केलाय तो १०० टक्के धरून. प्रिंटरला थराच्या वेळेबद्दल काहीही माहीत नसतं, त्याला फाइलमधून फक्त वेग मिळतो आणि तो त्याला १.८ ने गुणतो. दहाचे साडेपाच सेकंद झाले. किमान वेगही तसाच, १० चा १८. स्लायसरने इतक्या निगुतीने लावलेली मर्यादा एका नॉबने पार झाली, आणि फाइलमध्ये याचा मागमूसही राहत नाही. म्हणून फाइल बरोबर असूनही टोकं बिघडली, तर छापताना स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा बघा. प्रिंट संपल्यावर पाहायला जाल तर तो पुन्हा १०० दिसू शकतो.

भाच्याचं तसं चुकलं नाही. टोकाशी प्रिंटर खरंच कंटाळवाणा चालतो, बघणाऱ्याला वाटतं अडकलाय. मी त्याला सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेला चार दिवस उरलेले. चार दीपमाळा पुन्हा छापायच्या तर पूर्ण एक दिवस जाणार आणि सहावा घाणाही अजून बाकी. तेव्हा बुंधे ठेवले. बारीक पात्याच्या करवतीने १२६ मिलिमीटरला कळस उडवले, सपाटी पॉलिश पेपरवर घासली. मॉडेलमधून नुसता कळस वेगळा काढला, १४ मिलिमीटर उंच, बुडाशी ७ मिलिमीटर व्यासाचा, आणि बुडात १.९ मिलिमीटरचं भोक ठेवलं. बेडवर असे आठ कळस लावले, चार कामाचे आणि चार सोबतीला. आठ असल्यावर किमान वेगाचा प्रश्नच उरला नाही. ७० थर, दर थर दहा सेकंदांच्या आसपास, बारा-तेरा मिनिटांत आठही तयार. बुंध्याच्या डोक्यात हातड्रिलने २ मिलिमीटरचं भोक, आणि खुंटी म्हणून त्याच फिलामेंटचा ६ मिलिमीटरचा तुकडा. फिलामेंट १.७५ मिलिमीटरचं असतं, तो तुकडा दोन्हीकडे छान बसतो. वर सुपरग्लूचा एक थेंब.

एक मर्यादा मात्र कशानेही सुटत नाही, ती इथे दिसली. वेगळा काढलेल्या कळसाचं टोक मूळ मॉडेलमध्ये सुईसारखं संपत होतं. व्यास १ मिलिमीटरच्या खाली गेला की ०.४ च्या नोझलला तिथे एकच छोटंसं कडं ओढता येतं, दोनेक मिलिमीटर लांबीचं. तिथे आठ नग ठेवा नाहीतर ऐंशी, ते कडं नसून थेंबच असतो. म्हणून टोक मॉडेलमध्येच २ मिलिमीटरवर गोल करून संपवलं. डोळ्याला फरक कळत नाही, आणि खऱ्या दीपमाळेच्या दगडी टोकालाही कुठे सुई असते.

दुकानदाराला चार नगांना जोड आहे हे सांगितलं. त्याने चष्मा लावून सगळे चोवीस उलटेपालटे करून बघितले आणि त्यातले तीन ओळखले. चौथ्याऐवजी ज्याच्याकडे बोट दाखवलं तो पहिल्या घाण्यातला अखंड होता. सहाव्या घाण्याच्या वेळी नॉबवर चिकटपट्टी होती, भाच्यानेच लावलेली, आणि तीवर स्केचपेनने "मामाला इचार" असं लिहिलेलं.